मिळालेली शिष्यवृत्ती नाकारताना: आपापले अनुभव लिहा

दांडिया बाजार, वडोदरा

गेल्या महिन्यात शेजारच्या मुलीने विचारलं, "ताई, नको म्हणायचं तरी कसं?" तिला सांगताना सगळं पुन्हा आठवलं, म्हणून इथे लिहिते. तुमचेही अनुभव हवे आहेत.

महाराजा सयाजीराव विद्यापीठात एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला असताना मी दोन ठिकाणी अर्ज केले होते. एक युरोपातला इरास्मस मुंडस मास्टर्स, दुसरी अमेरिकेतली पीएचडी. 26 मार्चला युरोपची मेल आली: मुख्य यादीत नाव, महिन्याला 1,400 युरो, दोन वर्षं. उत्तर 5 एप्रिलपर्यंत द्यायचं. घरात पेढे वाटून झाले. 2 एप्रिलला अमेरिकेतल्या प्राध्यापकांची मेल आली की प्रतीक्षा यादीतून तुझं नाव वर आलं आहे, विभाग शिफारस करतो आहे.

माझा पाय इथेच घसरणार होता. त्याच रात्री मी युरोपला नकार लिहायला बसले होते. बाबांनी थांबवलं. ते म्हणाले, "प्राध्यापकाची मेल म्हणजे प्रवेश नाही. ट्यूशन माफ आहे का, स्टायपेंड किती, किती वर्षं, हे विद्यापीठाच्या पत्रात येऊ दे." म्हणून 3 तारखेला समन्वयकांना खरं तेच लिहिलं: दुसऱ्या प्रवेशाचं अधिकृत पत्र यायचं आहे, 9 तारखेपर्यंत मुदत मिळेल का? त्यांनी 8 पर्यंत दिली. पत्र 6 तारखेला आलं आणि त्याच रात्री मी नकार कळवला.

पत्र पाच वाक्यांचं होतं. विषयाच्या ओळीत अर्ज क्रमांक आणि पासपोर्टवर आहे तसं पूर्ण नाव. पहिल्याच वाक्यात शिष्यवृत्ती आणि प्रवेश दोन्ही स्वीकारत नाही, हे स्पष्ट. मग माझ्या विषयातली पूर्ण खर्चाची पीएचडी स्वीकारली आहे, एवढंच कारण. मग निवडीबद्दल आणि वाढवून दिलेल्या मुदतीबद्दल आभार. मग जागा राखीव यादीतल्या उमेदवाराला लगेच देता यावी म्हणून आजच कळवते आहे, हे. शेवटी पोच द्यावी अशी विनंती. पहिल्या मसुद्यात "कदाचित", "खूप वाईट वाटतंय" असं बरंच होतं, ते काढलं. वाचणाऱ्याला ही नाही म्हणते आहे की अजून मुदत मागते आहे, तेच कळलं नसतं.

दोन दिवसांनी पोच आली. त्यात होतं की राखीव यादीतल्या पहिल्या उमेदवाराला कळवलं आहे. ते वाक्य मी आईला मोठ्याने वाचून दाखवलं.

रामबाग, इंदूर

एका ट्रस्टच्या निवड समितीवर मी नऊ वर्षं होतो. ताईंनी कोणाला लिहिलं, ते नीट पाहा. इरास्मस मुंडसमध्ये निवड आणि राखीव यादी त्या त्या अभ्यासक्रमाच्या विद्यापीठांच्या गटाकडे असते. आमच्या ओळखीच्या एका मुलाने दूतावासाला लिहिलं आणि महिनाभर उत्तराची वाट पाहत बसला. ज्याच्याकडून निवडीचं पत्र आलं, त्यालाच नकार जायला हवा. पोर्टलवर "नकार" असं बटण असेल तर तेही दाबा, पण पत्र पाठवून झाल्यावर. बटण दाबलं की बहुधा मागे फिरता येत नाही, आणि नुसत्या पत्राने पोर्टलवरची नोंद बदलत नाही.

उशिराने काय होतं तेही सांगतो. आमच्याकडे मेअखेर निवड व्हायची. एका वर्षी एका मुलीने ऑगस्टमध्ये कळवलं. तोपर्यंत राखीव यादीतल्या पहिल्या मुलाने नोकरी धरली होती आणि दुसऱ्याला व्हिसाला वेळच उरला नव्हता. पैसे त्या वर्षी कोणाच्याच कामी आले नाहीत. तिच्यावर आमच्यापैकी कोणी रागावलं नाही, पण त्या दुसऱ्या मुलाचा चेहरा मला आजही आठवतो.

विजयनगर, इंदूर

एवढं कशाला? उत्तर दिलं नाही की मुदत संपल्यावर आपोआप रद्द होते. माझं तसंच झालं, कोणी काही म्हटलं नाही. किंवा दोन्ही स्वीकारा आणि व्हिसा लागेल ते ठेवा.

रामबाग, इंदूर

रद्द होते, हे बरोबर. पण शेवटच्या दिवसापर्यंत राखीव मुलगा अडकून पडतो, त्याचे ते दहा दिवस जातात. दोन्ही स्वीकारणं मात्र वेगळी गोष्ट आहे. करारावर सही झाली की ती निवड राहत नाही, बांधिलकी होते. अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांनी 15 एप्रिलची तारीख मान्य केली आहे: तोपर्यंत आर्थिक मदतीच्या प्रस्तावाला उत्तर देण्याची सक्ती नाही, आणि आधी हो म्हटलं असेल तरी त्या दिवसापर्यंत लेखी माघार घेता येते. ती मोकळीक प्रत्येक संस्थेला लागू नाही.

बडोद्याच्या ताईंना हे सांगायला नको. त्यांच्याच संस्थानाने 1913 मध्ये डॉ. आंबेडकरांना कोलंबियाला पाठवलं, महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं, आणि परतल्यावर दहा वर्षं संस्थानाची नोकरी करण्याच्या करारावर. 1917 मध्ये त्यांना त्या नोकरीसाठी बडोद्याला यावं लागलं. सहीआधी अटी वाचा, हे मी प्रत्येक मुलाला सांगत आलो.

लष्कर, ग्वाल्हेर

माझं तर पैसे आल्यावरचं आहे. एका ट्रस्टचा पहिला हप्ता खात्यात जमा झाला आणि पंधरा दिवसांनी दुसरीकडे पूर्ण फेलोशिप मिळाली. मी फोन केला. तिथले गृहस्थ म्हणाले, "ठीक आहे, बघू." मी ते उत्तर समजून बसले. तीन महिन्यांनी दुसऱ्या हप्त्यासाठी प्रगती अहवाल मागणारं पत्र आलं, म्हणजे माझं नाव यादीतून निघालंच नव्हतं. मग लेखी कळवलं, रक्कम कोणत्या खात्यात परत करायची ते लेखी मागितलं, एनईएफटी केलं, यूटीआर क्रमांक पत्रात घातला आणि पावती आल्याशिवाय मागे हटले नाही. ती पावती आजही फायलीत आहे. फोनवरचं बोलणं कुठेच नोंदलेलं नसतं.

जिवाजी विद्यापीठाजवळ, ग्वाल्हेर

मला यूजीसीची जेआरएफ आहे आणि मी परदेशी चाललो आहे. मलाही नकारपत्र द्यावं लागेल का?

रामबाग, इंदूर

तू अजून कुठे रुजू झाला नाहीस ना? मग वेगळं आहे. अवॉर्ड लेटर दिल्या तारखेपासून ठरावीक वर्षंच वैध असतं, न वापरलं तर संपतं. तिथे तुझ्यामुळे कोणाची जागा अडत नाही. पण ज्या गाईडशी बोलणं झालं आहे, त्यांना आजच सांग. त्यांनी तुझ्यासाठी जागा धरून ठेवली असेल.

रावपुरा, वडोदरा

गाईडवरून आठवलं. मी संस्थेला सुंदर पत्र लिहिलं आणि शिफारसपत्र देणाऱ्या मॅडमना कळवायचं राहिलं. त्यांना ते तिसऱ्याच माणसाकडून कळलं. "तू मला का नाही सांगितलंस?" एवढंच म्हणाल्या. पुढच्या वर्षी माझ्या बहिणीला शिफारस दिली, पण माझ्याशी पूर्वीसारख्या बोलल्या नाहीत.

विजयनगर, इंदूर

राखीव मुलाचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पण एक सांगा, दुसऱ्या विद्यापीठाचं नाव पत्रात लिहायचं का?

दांडिया बाजार, वडोदरा

मी लिहिलं होतं. विचारणारच, मग लपवायचं कशाला, असं वाटलं.

रामबाग, इंदूर

मी लिहू नका म्हणतो. नाव आलं की तुलना येते, आणि संस्थेला फक्त जागा मोकळी झाली का, एवढंच हवं असतं. समितीतल्या आमच्या दुसऱ्या सदस्यांचं मत मात्र ताईंसारखंच होतं.

लोकमान्य नगर, इंदूर

मी आई म्हणून विचारते. मुलाने नकार कळवला आणि परवा त्या दुसऱ्या विद्यापीठाने निधी कमी झाल्याचं सांगितलं. पहिल्या संस्थेला आता पुन्हा लिहावं का? तो लाजतो आहे. नकार जाऊन सहा दिवस झाले.

रामबाग, इंदूर

काकू, आजच लिहायला सांगा, उद्यावर नको. जागा दुसऱ्याला गेली असेल तर ती परत मागू नये, राखीव यादीत नाव घालता येईल का, एवढंच विचारावं. दुसऱ्या विद्यापीठाचं निधीचं पत्र जवळ आहे का? त्यावर रक्कम लिहिलेली होती का?

लोकमान्य नगर, इंदूर

नव्हती. प्राध्यापकांची मेल होती फक्त.