अनुभव धागा : घरझडतीत सापडलेली रोकड व दागिने आणि कुटुंबाने दिलेला लेखी खुलासा

कृष्णाकाठ (धागाकर्ती) : आयकर खात्याची घरझडती झालेल्या किंवा ती जवळून पाहिलेल्या सभासदांनी आपला अनुभव येथे लिहावा, अशी विनंती आहे. झडतीचा दिवस कसा गेला यापेक्षा नंतर लेखी खुलासा कसा तयार केला, त्यातील काय मान्य झाले आणि काय झाले नाही, हे कळले तर अधिक उपयोग होईल. सुरुवात मी करते.

2019 मध्ये माझे पती ज्या बांधकाम व्यवसायात भागीदार होते त्या फर्मवर झडती झाली आणि त्याच दिवशी आमच्या घरीही अधिकारी आले. घरात सासू-सासरे, आम्ही दोघे आणि अविवाहित मुलगी. पंचनाम्यात 6,40,000 रुपये रोकड आणि निव्वळ 1,690 ग्रॅम सोने नोंदले गेले. आम्ही दोघी विवाहित स्त्रिया प्रत्येकी 500, मुलगी 250 आणि दोघे पुरुष प्रत्येकी 100, असे 1,450 ग्रॅम त्यांनी घरातच ठेवले आणि उरलेले 240 ग्रॅम रोकडीसह जप्त केले.

आमच्या सल्लागारांनी पहिल्याच बैठकीत सांगितले की "हे सगळे वडिलोपार्जित आहे" असे एक वाक्य लिहून काहीही साधणार नाही. पंचनाम्याच्या यादीतील क्रमांकानुसार एकेक दागिना घ्यायचा आणि तो कोणाचा, कोठून आला आणि त्याचा कागद कोणता, एवढेच त्यापुढे लिहायचे. सासऱ्यांच्या आईने संपत्ती कराचे विवरणपत्र भरले होते आणि त्याला जोडलेला 1990 चा मूल्यांकन अहवाल सुदैवाने सापडला. त्यात पाटल्यांची जोडी आणि पुतळ्यांची माळ मिळून 150 ग्रॅम, तर तोडे 60 ग्रॅम अशी नोंद होती. पाटल्या आणि माळ जशाच्या तशा घरात असल्याने वजन व वर्णन जुळले आणि त्या मान्य झाल्या. तोडे मात्र आटवून मुलीसाठी हार केला होता, आणि गावातल्या सोनाराकडून मोडीची किंवा मजुरीची पावती घेतलेली नव्हती. अहवालात तोडे आहेत पण घरात नाहीत, घरात हार आहे पण अहवालात नाही, या कारणाने ते 60 ग्रॅम अमान्य झाले; त्यावरील अपील अजून प्रलंबित आहे.

राहिलेल्या 30 ग्रॅमची गोष्ट वेगळी होती. मूल्यांककाने खडे आणि मोती वजा केले होते, पण कोल्हापुरी साज आणि ठुशी यांच्या मण्यांत भरलेली लाख वजा केली नव्हती. दुसऱ्या सरकारमान्य मूल्यांककाचे प्रमाणपत्र जोडल्यावर ती वजावट मिळाली.

रोकड तीन ठिकाणी सापडली होती आणि आम्ही खुलासाही तीन व्यक्तींचा स्वतंत्रपणे दिला. पतींच्या कपाटातील 3,45,000 रुपये फर्मचे होते. रोजकीर्दीत त्या दिवसाची शिल्लक 3,38,000 निघाली आणि वरचे 7,000 आम्ही उत्पन्नात दाखवले. सासऱ्यांकडील 2,10,000 हे घरदुरुस्तीसाठी काढलेल्या अडीच लाखांतील उरलेले होते. सासूबाईंच्या स्टीलच्या डब्यात, जरीच्या लुगड्यांखाली, भाऊबीजेच्या पाकिटांसकट 85,000 होते. लग्नापासून साठवलेले पैसे, असे त्यांनी जबाबात सांगितले होते. पण नोटा सगळ्या 2016 च्या नोव्हेंबरनंतरच्या, त्यामुळे ते वाक्य तेवढ्यावर टिकणारे नव्हते. त्यांच्या पासबुकात नोटाबंदीच्या वेळचा 70,000 रुपयांचा भरणा आणि पुढील दोन वर्षांत थोडे थोडे काढलेले पैसे दिसले, तेव्हा कुठे जबाब आणि खुलासा एकमेकांशी जुळले.

बिल्वदल : एवढी धावपळ करण्याची गरज नसावी असे मला वाटते. विवाहित स्त्रीला 500 ग्रॅम सोने ठेवण्याची कायद्याने परवानगी आहे, तेवढ्याला कोणी हात लावू शकत नाही आणि त्याचा खुलासाही द्यावा लागत नाही. माझ्या आत्याच्या घरी 400 ग्रॅम सापडले होते आणि एकही प्रश्न आला नाही.

जुनी_वही : मी बरीच वर्षे करसल्लागाराकडे अशी प्रकरणे लिहिली आहेत. बिल्वदल यांचे म्हणणे निम्मे बरोबर आहे. हे आकडे कायद्यात नाहीत. ते केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या 11 मे 1994 च्या सूचनेत आहेत आणि ती सूचना केवळ जप्ती करू नये एवढ्यापुरती लिहिलेली आहे. जप्त न झालेल्या सोन्याचा स्रोतही करनिर्धारणाच्या वेळी विचारला जाऊ शकतो, आणि विचारला गेलेला मी पाहिला आहे. मात्र गुजरात व राजस्थान उच्च न्यायालयांनी या मर्यादेपर्यंतचे सोने स्पष्टीकरण मिळालेले समजावे असे निर्णय दिले आहेत, म्हणून खुलाशात त्यांचा आधार घ्यावा. त्याच सूचनेत कुटुंबाची प्रतिष्ठा आणि चालीरीती पाहून अधिक सोने सोडण्याचा अधिकार अधिकाऱ्याला दिला आहे, आणि या तरतुदीकडे बहुतेकांचे लक्षच जात नाही. ज्या घरात तीन पिढ्यांची लग्ने झाली आहेत, तेथे लग्नांची वर्षे, पत्रिका आणि छायाचित्रे जोडणे योग्य ठरते. छायाचित्रात गळ्यातला दागिना ओळखू येत असेल तर अधिकच.

जप्त वस्तू परत मागण्याचा अर्ज ज्या महिन्यात जप्ती झाली तो महिना संपल्यापासून 30 दिवसांत करावा लागतो. खुलासा परिपूर्ण करण्याच्या नादात ही मुदत उलटून गेलेली कुटुंबे मला माहीत आहेत. अर्ज आधी द्यावा, कागद मागाहून जोडावेत. रोकड अस्पष्टीकृत ठरली तर त्या वेळच्या दराने कर, अधिभार व उपकर मिळून 78 टक्के जातात, दंड निराळा. म्हणून "थोडे कबूल करून मोकळे होऊ" हा सल्ला आकडा मांडून पाहिल्याशिवाय स्वीकारू नये.

नाका_क्र_दोन : निवडणुकीच्या काळात आमची रोकड नाक्यावर पकडली होती. जिल्हा तक्रार निवारण समितीपुढे बँकेतून पैसे काढल्याची पावती आणि लग्नाची पत्रिका दाखवल्यावर ती परत मिळाली. आपणही तेथेच अर्ज करावा असे सुचवतो.

कृष्णाकाठ : आपली रोकड परत मिळाली याचा आनंद आहे, परंतु ती समिती निवडणूक काळातील तपासणीपुरती असते. घरझडतीतील जप्ती करनिर्धारण अधिकाऱ्याकडे जाते, त्यामुळे आमच्या प्रकरणात तो मार्ग उपलब्ध नव्हता.

द्राक्षबाग : आमच्याकडे चुलतभावाच्या व्यवसायामुळे झडती आली आणि वडिलांच्या खोलीत चार लाख सापडले. ते बागेचे पैसे होते. सातबारा दिला तेव्हा अधिकाऱ्यांनी म्हटले की यावरून जमीन सिद्ध होते, पैसे नाहीत. पीकपाहणीतील द्राक्षाची नोंद, व्यापाऱ्याच्या पट्ट्या आणि औषध दुकानाची उधारी फेडल्याच्या पावत्या तारखेनुसार लावल्यावर चित्र बदलले. माल फेब्रुवारीत गेला आणि झडती जूनमध्ये झाली, मग चार महिने पैसे घरात का ठेवले, हा प्रश्न शेवटपर्यंत राहिला. त्या चार महिन्यांत वडिलांनी बँकेतून घरखर्चाला पैसे काढले होते, आणि घरी रोकड असताना ते का काढले याचे उत्तर आमच्याकडे नव्हते. अडीच लाख मान्य झाले.

जुनी_वही : हाच प्रश्न कृष्णाकाठ यांच्या सासऱ्यांच्या रकमेलाही लागू होतो. त्यांच्या बाबतीत काय झाले?

कृष्णाकाठ : त्यांनी पाच महिन्यांपूर्वी अडीच लाख काढले होते आणि त्यानंतर पुन्हा काहीही काढलेले नव्हते. गवंड्याला दिलेल्या 40,000 ची सही असलेली चिठ्ठी व पावसामुळे काम थांबल्याचे त्याचे प्रतिज्ञापत्र जोडले होते, त्यामुळे रक्कम पूर्ण मान्य झाली. तोड्यांबाबत मात्र मला अजून मार्ग दिसत नाही. तो सोनार हयात आहे, पण वह्या ठेवलेल्या नाहीत. केवळ त्याच्या प्रतिज्ञापत्रावर आटवलेले सोने अपिलात मान्य झाल्याचे कोणी पाहिले आहे काय?