घरचं असाइनमेंट बंद, मसुदा वर्गात आणि वर तोंडी प्रश्न : जमतं का हे, की नुसता व्याप?

खडूफळा
एसवायला अर्थशास्त्र शिकवतो, तालुक्याचं कॉलेज, वर्गात 72 पोरं. अंतर्गतचे 20 मार्क असाइनमेंटवर. मागणीची लवचिकता हा विषय दिला तर निम्म्या वह्यांत तेच पाच मुद्दे त्याच क्रमाने, आणि ज्याला वर्गात टक्केवारी काढता येत नाही त्याच्या वहीत 'बहुआयामी' असले शब्द, सगळं एआयकडून लिहून घेतलेलं. आता मसुदा माझ्यासमोर लिहून घ्यायचा आणि नंतर प्रत्येकाला दोन प्रश्न तोंडी विचारायचे असं मनात आहे. कोणी केलंय का? टिकतं का?

बाइटबहाद्दर
सर एवढा खटाटोप कशाला, डिटेक्टरमध्ये टाका, 80 टक्क्यांच्या वर आलं की शून्य द्या, दोनदा केलं की पोरं सुतासारखी सरळ. नाहीतर हाताने लिहून आणा म्हणा, हाताने लिहायचं म्हटलं की कॉपी पेस्ट आपोआप संपतं.

जर्नलवाली
हाताने लिहिल्याने पेस्ट संपतं, कॉपी नाही. माझ्याकडे एकाने मोबाइल मांडीवर ठेवून अख्खी फाइल उतरवून आणलेली, मध्ये एका पानावर 'आणखी सोपं करून हवंय का' हे वाक्यसुद्धा उतरवलं होतं 😄
आणि डिटेक्टरच्या भरवशावर कुणाला शून्य देऊ नका. ओपनएआयने स्वतःचा डिटेक्टर जुलै 2023 मध्ये बंद केला, अचूकता कमी म्हणून. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या लोकांनी इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचे 91 निबंध सात डिटेक्टरना दिले होते, माणसांनीच लिहिलेले, तर सरासरी 61 टक्के निबंध मशीनचे ठरले. म्हणजे साधं, बेतलेलं इंग्रजी लिहिणारी आपली पोरं आधी अडकणार आणि पैसे भरून भाषा सफाईदार करून घेणारा सुटणार.

खडूफळा सर, मी तीन टर्म हे करतेय. विषय तुमचाच, म्हणून जसं केलं तसं सांगते. मी निबंध मागत नाही, आठवडी बाजार देते. लागोपाठ दोन बुधवार एकाच विक्रेत्याकडे जायचं, कांदा आणि कोथिंबीर, भाव काय होता आणि दिवसभरात किती विकलं ते विचारायचं. वर्गात येताना एकच कागद आणायचा, त्यावर आकडे आणि सुटे शब्द चालतील पण पूर्ण वाक्य एकही नको. मग 40 मिनिटं, कॉलेजचा शिक्का मारलेले कागद, मोबाइल समोरच्या टेबलावर, साधारण दोन पानं मसुदा. टिपणाचा कागद त्यालाच स्टेपल करून मी घेऊन जाते आणि फोटो काढून ठेवते. पुढच्या आठवड्यात मसुदा परत, घरी नीट करून आणा, काय वापरायचं ते वापरा, फक्त शेवटी पाच ओळीत लिहा की काय बदललं आणि का. त्यानंतर तोंडी.
मार्क असे: वर्गातला मसुदा 8, तोंडी 8, घरची पक्की प्रत 4. जो भाग मोबाइलकडून करून घेता येतो तोच स्वस्त करून टाकला, मग त्यासाठी चोरी करायला कोण बसतंय.

विनाअनुदानित
मॅडम छान आहे हो, पण हिशोब करा ना जरा. 72 पोरं, तोंडीला चार मिनिटं धरली तर 288 मिनिटं, 48 मिनिटांचे सहा तास झाले. त्याआधी मसुदे वाचून प्रश्न काढायला माणशी दोनच मिनिटं धरली तरी आणखी 144. मी तासिका तत्त्वावर आहे, वर्गात उभा राहिलो तेवढेच पैसे, हे सात-सव्वासात तास कुठल्या रजिस्टरला लावू? आणि माझ्या बीकॉमच्या वर्गात 130 आहेत. ज्यांना पर्मनंट नोकरी आहे त्यांनी असले प्रयोग करावेत, आमच्या डोक्यावर थापू नयेत एवढंच म्हणणं.

मधुरा_ठाणे
अगदी खरंय, माझा मुलगा सहावीत आहे, त्याला ज्वालामुखीचं मॉडेल आणायला सांगितलं, रात्री अकराला मी आणि ह्यांनी बसून थर्माकोल कापला आणि मार्क त्याला मिळाले! शाळेत करून घ्यायला काय होतं? बंदच करा हे घरचं.

विनाअनुदानित
ताई ते वेगळं हो, तिथे एआय म्हणजे आई 😂

खडूफळा
@जर्नलवाली मॅडम, तोंडीत नेमकं काय विचारता? मी एकदा प्रयत्न केला तर 'लवचिकता म्हणजे काय' ची व्याख्या सगळ्यांनी घडाघडा म्हणून दाखवली, पाठ करून आलेले. आणि पहिले पाच बाहेर गेले की सहाव्याला सगळं माहीत.

जर्नलवाली
व्याख्या विचारायचीच नाही. प्रश्न त्याच्या स्वतःच्या मसुद्यातून काढायचा, म्हणजे बाहेर जाऊन सांगितलं तरी दुसऱ्याला उपयोग शून्य. मसुदा वाचताना मी पेन्सिलने दोन जागी खूण करते, बास.

एका मुलीचं सांगते. तिचा कांदा किलोला 20 वरून 30 झाला, म्हणजे 50 टक्के वाढ, आणि विक्री 40 किलोवरून 36, म्हणजे 10 टक्के घट. लवचिकता 0.2, बरोबर काढली होती. कोथिंबीर 10 रुपये जुडीवरून 15, विक्री 60 जुड्यांवरून 24. भाव 50 टक्के वर, विक्री 60 टक्के खाली, आकडा 1.2. घरच्या प्रतीत झकास वाक्य होतं, 'कोथिंबीर ही अनावश्यक वस्तू असल्याने तिची मागणी अधिक लवचिक ठरते'. हे वाक्य तिचं नाही हे दिसतच होतं, पण मी त्यावर बोललेच नाही. मी विचारलं, दुसऱ्या बुधवारी बाजार कसा होता गं? म्हणाली, पाऊस होता मॅडम, दोनलाच उठला सगळा बाजार. मग म्हटलं, तर हा 1.2 खरा का? गप्प बसली, कागदाकडे बघितलं, मग म्हणाली, नाही, पावसाने माणसंच आली नाहीत, भाव दहाच राहिला असता तरी 60 विकल्या गेल्या नसत्या, म्हणजे खरा आकडा याच्यापेक्षा कमी, कदाचित एकच्याही खाली. आणि स्वतःहूनच पुढे, कांद्याचंही मग तसंच. आठपैकी आठ दिले. 'इतर परिस्थिती स्थिर असता' हे मी फळ्यावर तीनदा लिहिलं होतं, ते कळलं तिला पावसात.

आणि दुसऱ्या टोकाचा एक पोरगा, त्याच्या टिपणात कोथिंबीर 'किलो'मध्ये! 12 किलो, 9 किलो. विचारलं जुडी केवढ्याला होती, तर तोंडाकडे बघत बसला. तो बाजारात गेलाच नव्हता, आकडे कुठून आले ते मी विचारलंही नाही.

बाइटबहाद्दर
पण मॅडम मसुदासुद्धा पाठ करून येता येतोच की. आदल्या रात्री जनरेट करायचा, रट्टा मारायचा, वर्गात ओकायचा. आमच्या बॅचला डिप्लोमाची व्हायवा अशीच पास झालेली अर्धी पोरं.

जर्नलवाली
हे मात्र बरोबर बोललात. पहिल्या टर्मला माझ्याकडे झालंच, 40 मिनिटांचं काम एकाने 20 मिनिटांत संपवलं, एक खाडाखोड नाही. आता खाडाखोड नाही हा पुरावा होत नाही, एखादी हुशार पोर पण स्वच्छ लिहिते. म्हणून दुसऱ्या टर्मपासून लिहायला बसले की फळ्यावर एक नवी अट लिहिते, कुणाला आधी माहीत नसते. मागच्या वेळी होतं, 'पुढच्या बुधवारी शेजारच्या गावचा बाजार बंद आहे, तुमच्या विक्रेत्याच्या आकड्यांचं काय होईल?' हा परिच्छेद मसुद्यात पाहिजेच, आठपैकी तीन मार्क त्याला. पाठ करून आलेल्याचा नेमका हाच परिच्छेद दोन ओळींचा असतो आणि बाकीच्याशी त्याचा सांधा जुळत नाही.

टीवायचा_एक
मी विद्यार्थी आहे, राग नका मानू. मला बोलताना अडखळायला होतं, लहानपणापासून. लेखी पेपरात मला 70 च्या वर असतात, तोंडीत 'त' वर अडकलो की सर घड्याळ बघतात आणि मला पुढचं सगळं विसरायला होतं. 20 पैकी 8 मार्क तोंडीला म्हणजे जो बोलघेवडा आहे त्याची चांदी. एआय वापरणारा पकडायचा म्हणून मी का मार खायचा? आणि सरांचं ज्याच्याशी पटत नाही त्याला अवघड प्रश्न, हे तर सगळीकडे चालतं.

जर्नलवाली
रागावण्यासारखं काय आहे त्यात. माझ्याकडे एक होता तुझ्यासारखा, त्याला मी तोच प्रश्न चिठ्ठीवर लिहून दिला आणि समोर बसून सहा मिनिटांत लिहून उत्तर घेतलं. आता मी सगळ्यांनाच आधी विचारते, बोलून की लिहून, कारण नको सांगूस. सहा-सात जण लिहून देतात, त्यातले दोन-तीन नुसते लाजरे असतात, असू देत. मराठीत बोललं, इंग्रजीत बोललं, मार्क सारखेच.
पक्षपाताचं मात्र माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. प्रश्न आणि काय आलं की किती मार्क हे मसुद्यावर आधीच पेन्सिलने लिहिलेलं असतं, तू बघायला मागू शकतोस. पण अवघड प्रश्न कुणाला आणि सोपा कुणाला हे शेवटी मीच ठरवते, ते खरंय.

विनाअनुदानित
बघा म्हणजे आता लेखी तोंडी पण आली, अजून वेळ. सात तासांचे आठ झाले.

खडूफळा
वेळेचं मी काल रात्री बसून जुळवून बघितलं. टर्ममध्ये तीन असाइनमेंट आहेत. मसुदा तिन्ही वेळेला सगळ्यांचा, पण तोंडी प्रत्येक वेळी 24 जणांचीच, म्हणजे 96 मिनिटं, दोन तास. बाकीचे 48 तेव्हा वर्गातच बसून आपापला मसुदा सुधारतील. टर्मअखेर प्रत्येकाची एकदा होते.

विनाअनुदानित
हे जरा माणसात आलं. पण सर, पहिल्या फेरीत ज्याची झाली तो पुढच्या दोन वेळा मोकाट. आमच्याकडची पोरं एवढा हिशोब पहिल्याच दिवशी करतात.

बाइटबहाद्दर
मग चिठ्ठ्या टाका, प्रत्येक वेळी 72 च्या 72 डब्यात.

जर्नलवाली
मग एखाद्याचं नाव तीनदा येणार आणि एखाद्याचं एकदाही नाही, त्याला तोंडीचे मार्क कुठून देणार? मी हे करून बघितलंय, पालक थेट प्राचार्यांच्या केबिनमध्ये पोचले होते. तिसऱ्या वेळी आधीच झालेल्यांतून चारपाच जण जास्तीचे बोलवायचे, मार्क न बदलता, असं मी करते. धाक राहतो थोडा, पण थोडाच.

टीवायचा_एक
मार्क बदलणार नसतील तर धाक कसला मॅडम, आम्ही येणारच नाही त्या दिवशी.

खडूफळा
😄 हजेरी त्या दिवशी दोन लेक्चरची लावतो मग. बुधवारी आमच्याकडे पण बाजार असतो, पहिल्या 24 पासून सुरू करतोय, कोथिंबीर जुडीत विचारायची हे मात्र कुणाला आधी सांगणार नाही.