सोसायटी ग्रुप: मोहनरावांना मेसेज

सुजाता (बी-४०३), सकाळी ९:१२
नमस्कार. स्पष्ट बोलते, राग मानू नका. मोहनराव खड्यांचं ऑपरेशन होऊन शनिवारी घरी आले. काल रविवारी त्यांची बेल अकरा वेळा वाजली, समोरच राहते म्हणून मोजली. शुभावहिनींनी चौदा कप चहा केला, शेवटच्या चार कपांची साखर माझ्याकडची. ज्याच्यासाठी आलात तो माणूस मात्र दिवसभर डोळे उघडे ठेवून "बरंय, बरंय" म्हणत बसला होता. आठवडाभर कुणी जाऊ नका. मेसेज करा.

बापट काका (ए-१०१)
आजाऱ्याला प्रत्यक्ष भेटायची आपल्याकडे पद्धत आहे. मेसेजवर कसली विचारपूस?

निखिल (सी-२०३)
काका, तुम्ही काल दोनदा गेलात.

बापट काका
दुसऱ्यांदा चष्मा राहिला होता म्हणून.

निखिल
आणि चहा?

बापट काका
त्यांनी आग्रह केला.

सुजाता
अजून एक. खड्यांची डबी दाखवा म्हणू नका!! वहिनींनी काल ती पाच वेळा कपाटातून काढली. एका गृहस्थांनी खडे तळहातावर घेऊन मोजले, मग त्याच हाताने चिवडा घेतला.

कदम (बी-२०१)
पाण्याची टाकी कधी धुणार? मागच्या महिन्यात ठरलं होतं.

देशपांडे (सेक्रेटरी)
सुजाताताईंची सूचना योग्य आहे. सोसायटीतर्फे एकच संदेश पाठवू. मसुदा: "आदरणीय मोहनराव, आपल्यावरील शस्त्रक्रिया यशस्वीरीत्या पार पडल्याचे समजले. आपणांस शीघ्र आरोग्यलाभ होवो ही ईशचरणी प्रार्थना. काही लागल्यास निःसंकोच कळवावे. भेटीस कधी यावे तेही कळवावे. कळावे." हरकती असल्यास दुपारपर्यंत सांगाव्यात.

निखिल
वाचून वाटलं मेंटेनन्स थकलाय त्यांचा.

देशपांडे (सेक्रेटरी)
तो विषय आपण न काढलेला बरा, निखिल. तुमची दोन महिन्यांची बाकी आहे.

पाटील मॅडम (ए-३०२)
देशपांडे, भाषा शुद्ध आहे, पण त्या आजारी माणसाला तुम्ही दोनदा "कळवावे" लिहिलंय. "कधी यावे ते कळवावे" म्हटलं की त्याने एकतर बोलवायचं, नाहीतर तोंडावर नको म्हणायचं. मोहनरावांच्या तोंडून "नको" निघत नाही हे सगळ्यांना माहीत आहे. "काही लागल्यास कळवावे" याचंही तेच. काय लागतं ते त्यानेच शोधायचं आणि त्यानेच मागायचं. शिंदे, तुम्ही लिहा. तुम्ही त्यांचे मित्र आहात.

शिंदे (बी-३०४)
मला लिहिता येत नाही हो. चाळीस वर्षं आम्ही एकमेकांना शिव्याच देतोय.

जोशी वहिनी (सी-१०४)
त्यांना पानफुटीचा पाला रोज सकाळी चावून खायला सांगा. आमच्या ह्यांचा खडा त्यानेच पडला.

रेश्मा (बी-१०२)
वहिनी, पानफुटी लोक मुतखड्यावर खातात. मोहनकाकांचे खडे पित्ताशयात होते आणि पित्ताशयच काढलंय. आता पडायला काही शिल्लक नाही.

बापट काका
काल त्यांचा उजवा खांदा दुखत होता. मी तेव्हाच म्हटलं, हृदयाचं असू शकतं, दुर्लक्ष करू नका.

रेश्मा
काका, हे तुम्ही त्यांच्यासमोर बोललात?? वहिनी रात्री साडेअकराला माझ्याकडे धावत आल्या. दुर्बिणीच्या ऑपरेशनला आत जागा व्हावी म्हणून पोटात गॅस भरतात. त्याने पोट आणि छातीमधला पडदा चिडतो आणि दुखतं खांद्यात, कारण दोन्हीकडच्या नसा मानेतून एकाच ठिकाणाहून येतात. बहुतेकांचं दोन-तीन दिवसांत जातं. छातीत दुखलं, दम लागला, ताप आला किंवा डोळे पिवळे दिसले तर डॉक्टरांना फोन करायचा, हे घरी येतानाच वहिनींना सांगितलंय. यातलं काहीही नव्हतं. बाकी कोणी निदान करू नका प्लीज.

बापट काका
काळजीपोटीच बोललो. जाऊ दे, आजकाल काळजी करणंही गुन्हा झालाय.

कदम (बी-२०१)
टाकी?

रेश्मा
शिंदेकाका, अजून एक. पोटावरच्या चार भोकांना टाके आहेत. खोकला, शिंक, हसू, काहीही आलं की पोटाला उशी दाबून धरावी लागते. तेव्हा तुमचे ते ठराविक विनोद आठवडाभर नको.

शिंदे (बी-३०४)
म्हणजे आनंदी लिहायचं, पण हसवायचं नाही. सोपं आहे म्हणायचं. हे बघा: "मोहन्या, कसा आहेस? जेवण जातंय का? टाके कधी काढणार? कॅरमला कधी येतोस? लवकर बरा हो."

पाटील मॅडम
चार प्रश्नचिन्हं. पेपर काढलाय का? तो बिचारा अंगठ्याने चार उत्तरं टाइप करणार, की तुम्ही पुढचे चार विचारणार. एकही प्रश्नचिन्ह नको. आणि "लवकर"ही काढा, ते त्याच्या हातात आहे का? खुशाली वहिनींकडून सुजाताला कळते, ती तुम्हाला सांगेल.

शिंदे
प्रश्न काढले तर उरतं काय?

पाटील मॅडम
तुमच्याकडची बातमी. आजाराची नाही, बाकीची. आजाराबद्दल तो दिवसभर बोलतोच आहे.

निखिल
काका, कॅरमचं लिहा ना. परवा तुम्ही क्वीन घेतलीत आणि कव्हर विसरलात ते.

शिंदे
ते त्याला कळता कामा नये.

देशपांडे (सेक्रेटरी)
मग सोसायटीचा मसुदा रद्द समजायचा का? तसा ठराव करावा लागेल.

जोशी वहिनी
मी सकाळी सहाला गुलाबाचं चित्र आणि "गेट वेल सून" पाठवलंय त्यांना. चालेल ना?

सुजाता
वहिनी 🙏 फोन उशाशी असतो हो त्यांचा.

शिंदे (बी-३०४), दुपारी १२:४०
लिहिलं. पाठवण्याआधी टाकतोय. मोहनने पार्किंगच्या भांडणात हा ग्रुप सोडला ते एक बरं झालं.

"मोहन्या, शिंद्या बोलतोय. उत्तर द्यायचं नाही, वाच आणि फोन पालथा ठेव. कॅरमची पावडर संपली होती, नवीन डबा आणला. तुझा पिवळा स्ट्रायकर माझ्या खिशात आहे. बापट रोज मागतात, दिलेला नाही. तू नसताना मी तीन डाव जिंकलो, हे तुझ्या कानावर घालणं माझं कर्तव्य होतं. उद्यापासून सात वाजता दूध आणि पेपर पिशवीत घालून दाराच्या कडीला लावून जाईन. बेल वाजवणार नाही. नको असेल तर वहिनींनी सुजाताला सांगावं, मला कारण नको. बोर्ड खालीच आहे, कुठे जात नाही."

पाटील मॅडम
प्रश्नचिन्ह नाही. उत्तम. एकही शब्द बदलू नका.

रेश्मा
"तीन डाव"ला उशी लागेल, पण तेवढं चालेल.

बापट काका
माझं नाव घालायची काय गरज होती?

निखिल
काका, तुमच्यामुळेच तो मेसेज खरा वाटतो.

कदम (बी-२०१)
टाकीबद्दल कोणीतरी बोला.

देशपांडे (सेक्रेटरी)
कदम, गुरुवारी धुणार. नोटीस लावली आहे, वाचत चला.

बापट काका, दुपारी ३:०५
शिंदे, दोन निळ्या टिका आल्या का? उत्तर काय आलं?

शिंदे
टिका आल्या. उत्तर नाही.

बापट काका
नाही?? सगळं ठीक आहे ना? मी जरा डोकावून येतो.

सुजाता
काका!!!

पाटील मॅडम
बापट, "उत्तर द्यायचं नाही" असंच लिहिलंय. माणूस सांगितलेलं ऐकतोय.

सुजाता (बी-४०३), मंगळवार सकाळी ८:२०
पिशवी आत गेली. कडीला रिकामी पिशवी परत अडकवलीय, त्यात एक चिठ्ठी आहे. शिंदेकाका, तुमच्या नावाची आहे, पण घडी नव्हती म्हणून दिसली: "तीनही डाव मोजले जाणार नाहीत. साक्षीदार कोण होतं?"

शिंदे
प्रश्नचिन्ह त्याने टाकलंय, मी नाही.