प्रांताचा दाखला असताना पुन्हा व्हॅलिडिटी कशाला?

पूर्वभागकर: मुलगी अकरावी सायन्सला. पद्मशाली म्हणून जातीचा दाखला प्रांत ऑफिसातून मिळाला आहे. आता कॉलेज म्हणतंय व्हॅलिडिटीचा, म्हणजे जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज आत्ताच भरा. एका सरकारी साहेबानं सही केली, मग दुसऱ्यानं तेच का तपासायचं? आजोबा करीमनगरकडून मागावर कामाला आले, शाळेचं तोंड पाहिलं नाही. वडिलांचा शाळेचा दाखला १९७२ चा. माझ्या मते ही पडताळणी बंद व्हावी.

जुना_हेडक्लार्क: बंद होऊ नये असं माझं ठाम मत आहे. वीस वर्षं कॉलेजात हेच अर्ज हाताळले. प्रांत ऑफिस तुम्ही जोडलेले कागद बघतं. जात पडताळणी समितीचं दक्षता पथक गरज वाटली तर थेट शाळेत जाऊन मूळ जनरल रजिस्टर उघडतं. एका शाळेतल्या रजिस्टरात जातीच्या रकान्यात मागाहून भरलेला शब्द मी स्वतः पाहिलाय. बाकी ओळ फिकट तपकिरी आणि तो एकच शब्द निळ्याशार बॉलपेनचा. झेरॉक्सवर दोन्ही काळेच दिसतात.

आता तुमचं. विशेष मागास प्रवर्ग म्हणजे विमाप्र आणि ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ ही तारीख धरतात. त्या दिवशी तुमचं कुटुंब महाराष्ट्रात राहत होतं हे दिसलं पाहिजे. १९७२ च्या दाखल्यावरून जात कळते, पण १९६७ ला तुम्ही इथं होता हे कळत नाही. तेलंगणातून आलेल्या घरांची गाडी इथंच अडते. वडिलांना थोरली बहीण किंवा भाऊ आहे का? ते इथल्या शाळेत गेले असतील तर प्रवेश-निर्गम उतारा काढा.

सायली_बार्शी: आमचं तीन वर्षांसाठी मिळालं होतं, संपल्यावर परत काढलं. तहसीलमधून उत्पन्नाचा दाखला जोडावा लागतो, विसरू नका.

जुना_हेडक्लार्क: सायली, ते नॉन-क्रिमीलेअर. ॲडमिशनला तेही लागेल, पण व्हॅलिडिटीला मुदत नसते आणि तिथं उत्पन्न बघत नाहीत.

अक्कलकोट_रोड: एवढा खटाटोप कशाला? घरात एकाची व्हॅलिडिटी असली की बाकीच्यांना आपोआप मिळते. चुलत्याची जोडा, झालं.

जुना_हेडक्लार्क: अर्धं बरोबर. सख्ख्या चुलत्याची असेल तर मोठा आधार आहे. मुंबई हायकोर्टानंही २०१० मध्ये सांगितलंय की वडिलांकडच्या रक्ताच्या नातेवाइकाला वैधता मिळालेली असेल आणि ती फसवून घेतलेली नसेल, तर समितीनं तीच धरावी. पण अर्ज प्रत्येकाचा वेगळा, आणि वंशावळीच्या शपथपत्रात ते नातं नावानिशी दिसलं पाहिजे. मामाचे कागद चालत नाहीत. दरवर्षी कुणीतरी तेच घेऊन येतं.

निलंगा_ते_सोलापूर: माझं दुखणं वेगळं. मी सोलापुरात जन्मलो, आधार, रेशनकार्ड सगळं इथलं. पण १९६७ ला आजोबा निलंग्यात होते. म्हणून दाखला निलंग्याच्या प्रांतांचा आणि पडताळणी लातूर समितीची. आधी इथं अर्ज केला, चार महिने गेले आणि परत आला. हे कुणी आधी सांगत नाही.

विडी_घरकुल: हेडक्लार्क काका, तुमचा मान राखून बोलते. निळ्या पेनवाले पकडायचे म्हणून विडी वळणाऱ्या बाईच्या नातीनं १९६७ चा कागद कुठून आणायचा? पुरावा द्यायची जबाबदारी कायद्यानं अर्जदारावर. पण ज्यांना शाळेत जाताच आलं नाही, त्यांच्याकडेच शाळेचा पुरावा मागतात! रजिस्टर सरकारी शाळांचे, जन्मनोंदी महापालिकेच्या. सरकारनंच शोधाव्यात.

जुना_हेडक्लार्क: हे मान्य, बाई. जन्मनोंद शोधायला मुलाचं नाव लागत नाही, बापाचं नाव आणि साधारण साल पुरतं. हे खिडकीवर कुणी सांगत नाही ही चूकच. तरी खोट्या दाखल्यावर बसलेला माणूस कुणाची जागा खातो? तुमच्याच नातीची. आणि पुढं दाखला अवैध ठरला तर नुसता प्रवेशच नाही, पदवीसुद्धा जाते.

विडी_घरकुल: ते बरोबर. पण त्या चोरापायी नातीचं वर्ष जावं हे मला पटत नाही.

पूर्वभागकर: काका, आज आत्याच्या शाळेत जाऊन आलो. तेलुगू माध्यमाची, पालिकेची. जून १९६१ ची नोंद मिळाली! आजोबांचं नाव बरोबर आहे, पण जात ‘हिंदू साळी’ लिहिलीय. मुख्याध्यापक म्हणाले, अर्ज द्या, दुरुस्त करता येतंय का बघतो.

जुना_हेडक्लार्क: हात लावू देऊ नका! आहे तसाच उतारा घ्या, सही-शिक्क्यासह. रहिवासाचा प्रश्न त्या एका ओळीनं सुटला. साळी आणि पद्मशाली दोन्ही विमाप्रच्या यादीत आहेत, पण तुमचा दाखला पद्मशालीचा, त्यामुळं समिती विचारेल. वडिलांचा १९७२ चा दाखला सोबत लावा आणि फरक शपथपत्रात स्वतःहून लिहा. बहुधा दक्षता पथक घरी येईल, तेव्हा आत्यांना घरी थांबायला सांगा. समिती काय ठरवेल ते मी आज सांगू शकत नाही.

पूर्वभागकर: ऑनलाइन अर्ज सोमवारी भरतो, मग कॉलेजचं पत्र आणि मूळ कागद घेऊन समितीत. पडताळणीबद्दल माझं मत अजून तेच आहे. आत्या मात्र तो उतारा हातात धरून बसलीय, त्यावर तिच्या बापाची अंगठ्याची खूण आहे म्हणून.