मदत हवी आहे: सेपरेबल विस्ताराला एकच जनक का पुरतो?

रविवारचा_फळा: नमस्कार. मी पुण्यात एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. डेक्कनवर आमचा चौघींचा अभ्यासगट भरतो, तिथे या सिद्धतेत मी फळ्यापाशीच अडकले. 2 चे वास्तव घनमूळ α, 1 चे अवास्तव घनमूळ ω आणि β = ωα घेतले. Q(α, β) ची कोटी 6 आहे; पण α + β = −ω²α निघाले, ज्याचा घन −2 आहे, म्हणजे त्यातून कोटी 3 चेच फील्ड मिळते. मग γ = α + cβ मधला c निवडायचा कसा, आणि सेपरेबल असण्याची अट नेमकी कुठे लागते?

गणकमित्र: Q अनंत असल्यामुळे चालणारा c मिळतोच. खरे तर शून्य सोडून कोणताही c चालतो, त्यामुळे आपली बेरीज पुन्हा तपासावी.

जुना_शिक्षक: ताईंची बेरीज बरोबर आहे; c = 1 खरोखरच चालत नाही. खालचे फील्ड K म्हणा, त्यावरची α ची लघुतम बहुपदी f आणि β ची g घ्या, आणि h(x) = f(γ − cx) लिहा. h चे सहगुणक K(γ) मध्ये आहेत आणि β हे g व h या दोघांचेही मूळ आहे. दोघांचा मसावि भागाकार करत काढला, तर तोही K(γ) मध्येच राहतो, आणि सगळी सिद्धता या एका गोष्टीवर उभी आहे. मसावि x − β आला, की β हाती लागतो आणि पाठोपाठ α = γ − cβ सुद्धा. c = 1 घेतल्यावर मात्र γ − α = β असल्याने α हेसुद्धा सामाईक मूळ ठरते, म्हणून मसावि कोटी 2 चा येतो. g ची β सोडून अन्य मुळे β′ आणि f ची मुळे α′ घेऊन (α′ − α)/(β − β′) या किमती टाळायच्या; त्या सान्तच असतात. सेपरेबल नसेल, तर g मध्ये β पुन्हापुन्हा येतो आणि मसावि (x − β) चा घात येऊ शकतो. F_p(s, t) हा F_p(s^p, t^p) वरचा विस्तार p² कोटीचा आहे, पण त्यातल्या प्रत्येक घटकाचा p वा घात खालच्या फील्डमध्ये जातो, म्हणून तिथे एकटा जनक मिळणे शक्यच नाही.

कोडिंगवाला: माझे काम F_2 वरच्या 64 घटकांच्या फील्डमध्ये चालते. माझ्याकडे c साठी 0 आणि 1 एवढेच आहेत, मग ही युक्ती मला कशी लागू होणार?

जुना_शिक्षक: आपल्याला ती लागू होत नाही. तिथे शून्येतर 63 घटकांचा गुणाकाराचा गट चक्रीय असतो, त्याचा जनक घ्या.

कोडिंगवाला: पण मला α + β याच रूपातला हवा होता.

रविवारचा_फळा: सर, मनापासून आभार. मी सगळे भागाकार करून पाहिले. त्यांत परिमेय फक्त 0 आणि 1 निघाले, म्हणजे बाकी प्रत्येक परिमेय c चालतो. c = −1 घेतल्यावर γ⁶ = −108 आले, आणि γ पूर्ण फील्ड देत असल्याने x⁶ + 108 हीच त्याची लघुतम बहुपदी ठरली. एक शंका उरली आहे: वरच्या युक्तिवादात अट फक्त β वर लागली. मग α सेपरेबल नसला तरी चालेल का?