फोटोतलं पीस: उड्डाणपीस, अंगपीस आणि लव

मुग्धा
मुलांच्या भित्तिपत्रकासाठी एका फोटोखाली नावं लिहायची आहेत, त्यासाठी शब्द हवे आहेत. पडक्या वाड्याच्या भिंतीखाली तीन पिसं सापडली. काळ्या कागदावर ठेवून, शेजारी दहा रुपयांचं नाणं ठेवून फोटो काढला. फोटो उघडत नसेल त्यांच्यासाठी सांगते. पहिलं पीस लांब, सोनेरी-तपकिरी, त्यावर तीन-चार गडद आडवे पट्टे. दुसरं जेमतेम दीड नाण्याएवढं, राखाडी, वाटीसारखं वाकलेलं, बुडाकडे भुरभुरीत. तिसरा नुसता पांढरा गुंता. इंग्रजीत यांना फ्लाइट, काँटूर आणि डाऊन म्हणतात एवढं शोधलं. मराठीत काय लिहू? आणि पक्षी कोणता असेल?

अनंतकाका
शब्द सोपे आहेत. पंखातलं ते पर, अंगावरचं ते पीस, पिल्लाच्या अंगावरची ती लव. पहिलं पीस घारीचं दिसतंय, पट्टे स्पष्ट आहेत. दुसरं अर्धं मऊ आहे, म्हणजे ते आणि तिसरं दोन्ही लवच. आणखी एक, पहिल्या पिसाची अरुंद बाजू फोटोत डावीकडे आहे, म्हणजे ते डाव्या पंखातलं.

वैशाली (सांगोला)
काका, आमच्याकडे पर आणि पीस असा फरक कुणी करत नाही. कोंबडीच्या पंखातलंही पीसच. पर म्हटलं तर गावात पुष्कळांना अख्खा पंखच वाटतो. लव मात्र बरोबर. पिल्लू अंड्यातून निघतं तेव्हा अंगावर नुसती लव असते आणि पुढे तिच्या जागी पिसं फुटतात. पण मोठ्या कोंबडीच्या पिसांखालीही लव असतेच की, ती पिल्लांपुरती नाही.

सह्यपाखरू
वैशालीताईंचं शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. लव म्हटलं की पिल्लू डोळ्यांसमोर येतं, पण थंडीतल्या बदकाच्या अंगावरही ती असते, फक्त वरच्या पिसांनी झाकलेली. मुग्धाताई, तिन्ही पिसांसाठी आधी दांडा बघा, मऊपणा नंतर. अनंतकाकांची दुसऱ्या पिसाबद्दल गल्लत मऊपणावर भर दिल्यामुळे झाली.

लवेला दांडा जवळजवळ नसतो. बुडाच्या एका ठिपक्यातून सगळे तंतू सुटतात आणि एकमेकांत गुंततात. तुमचं तिसरं तसंच आहे. दुसऱ्या पिसाला मात्र टोकापर्यंत दांडा दिसतोय. वरच्या अर्ध्या भागात तंतू एकमेकांना चिकटून सलग पातं झालंय, कारण तिथल्या तंतूंना बारीक आकडे असतात. खालच्या भागात ते नसतात, म्हणून तो भुरभुरतो. पक्ष्याच्या अंगावर ही पिसं कौलांसारखी एकावर एक बसतात. वरचा भाग ऊनपाऊस झेलतो आणि खालचा झाकलेला भाग ऊब धरतो. म्हणजे हे काँटूर, लव नव्हे. मी याला अंगपीस म्हणतो.

पहिल्याचा दांडा मध्यावरून जात नाही. एका बाजूचं पातं अरुंद आणि ताठ, दुसरीकडचं त्याच्या तिपटीहून रुंद. उडताना अरुंद कड वारा कापते. असा ठळक फरक म्हणजे पंखाच्या टोकाकडचं उड्डाणपीस. दोन्ही बाजू थोड्याच कमीजास्त आणि टोक गोलसर असतं तर ते पंखाच्या आतल्या रांगेतलं ठरलं असतं.

अनंतकाका
ठीक, दुसऱ्याचं पटलं. पण डावा-उजवा तरी मी बरोबर सांगितला ना?

सह्यपाखरू
उलटा झाला, काका. डावा हात समोर लांब करा, तळवा जमिनीकडे. बोटांची टोकं म्हणजे पिसाचं टोक, अंगठ्याची बाजू म्हणजे वारा कापणारी कड. अंगठा कुठे आला? उजवीकडे. म्हणून पिसाचं टोक वर आणि पाठीकडची बाजू आपल्याकडे असताना अरुंद भाग उजवीकडे दिसला तर पंख डावा. फोटोत तो डावीकडे आहे, म्हणून पंख उजवा. अट एकच, आपण पाठीकडची बाजूच बघत असलो पाहिजे. पोटाकडच्या बाजूने दांड्यात लांब पन्हळ असते, पाठीकडून तो गुळगुळीत, फुगीर असतो. मुग्धाताईंच्या फोटोत पन्हळ दिसत नाही.

शटलर
मध्येच विचारतो. बॅडमिंटनच्या फुलात सोळा पिसं असतात, ती सगळी एकाच पंखाकडची असावी लागतात असं आमचे प्रशिक्षक सांगत. त्याचं कारण हेच का? आमच्या जुन्या फुलांची पिसं पार विस्कटली आहेत, कड लवेसारखी झालीय.

सह्यपाखरू
हेच कारण. डावी-उजवी मिसळली तर वाक आणि रुंद कडा एका दिशेला बसणार नाहीत, मग फूल नीट फिरणार नाही. ही पिसं हंसजातीच्या किंवा बदकाच्या पंखातली असतात. तुमच्या विस्कटलेल्या पिसांचा उल्लेख इथे उपयोगी आहे. तंतूंचे आकडे सुटले की उड्डाणपीसही फोटोत मऊ दिसतं, ओलं झालं तरी तसंच. म्हणून पुन्हा दांड्याकडेच यायचं. विस्कटलं तरी दांडा जाड आणि लांबच राहतो. पण मुग्धाताई, फोटोआधी पीस बोटांनी सरळ करू नका, पुढच्या मुद्द्याला तेच नडतं.

मुग्धा
शब्द बरेचसे मिळाले. आता पक्षी सांगा ना. पट्टे तर घारीच्या पिसावरही असतात.

सह्यपाखरू
पट्ट्यांवरून सुरुवात केली की घार, घुबड, लांडोर, शिक्रा सगळेच रांगेत येतात. आधी लांबी. दहाचं नाणं 27 मिमी रुंद असतं. पीस आठ नाण्यांएवढं भरतंय, म्हणजे साधारण 21-22 सेमी. घारीच्या पंखाच्या टोकाकडची पिसं तिशीच्या पुढे जातात. पिंगळ्याचं सगळं अंग मिळूनच जेमतेम 21 सेमी, तोही गेला. रातव्याचं पीस मऊ आणि चित्रविचित्र रंगाचं असतं, पण तेही एवढं लांब नसतं.

लांबीनंतर पृष्ठभाग. फोटो मोठा करून बघा. पाठीकडची बाजू चमकत नाही, मखमल पसरल्यासारखी दिसते. रुंद पात्याची कडही कापल्यासारखी नाही, तिला झालरीसारखे सुटे धागे आहेत. ही दोन्ही लक्षणं घुबडाची. घारीचं पातं गुळगुळीत आणि कडा घट्ट असतात. शिवाय टोकाकडच्या पिसांना अचानक खाच पडून ती बोटांसारखी निमुळती होतात. आकाशात तिची ती बोटं खालूनही दिसतात.

घुबडात सोनेरी रंग, मोजके पट्टे आणि आतलं पातं पांढुरकं, यावरून मी गव्हाणी घुबड म्हणेन. शृंगी घुबडाचं पीस याहून बरंच मोठं असतं. पडका वाडा हेही गव्हाणीला साजेसं, पण जागेवरून मी निकाल देत नाही. भित्तिपत्रकावर ‘घुबड’ ठामपणे लिहा आणि ‘बहुधा गव्हाणी’ असं पुढे जोडा.

अनंतकाका
घुबडाच्या पिसाला कंगव्यासारखे दात असतात ना? मी तेच शोधत होतो. ते दिसले नाहीत म्हणूनच घार म्हटलं.

सह्यपाखरू
दात असतात, काका, पण पंखाच्या अगदी बाहेरच्या पिसाच्या पुढच्या कडेला. आतल्या पिसांवर ते नसतात, म्हणून दात नाहीत एवढ्यावरून घुबड बाद होत नाही. उलटंही आहे. मासे धरणाऱ्या हुमा घुबडाकडे हा सगळा शांत उडण्याचा सरंजाम फारसा नसतो, माशाला पंखांचा आवाज पाण्याखाली कुठे ऐकू जाणार? त्यामुळे हुम्याचं पीस फोटोत फसवू शकतं.

मुग्धाताई, जमलं तर दुसरा फोटो काढा. फ्लॅश बंद, पीस खिडकीपाशी आणि उजेड बाजूने जमिनीलगत येईल असा. मखमल आणि दात तिरक्या उजेडातच उठून दिसतात. समोरून उजेड पडला की सगळंच सपाट होतं.

वैशाली (सांगोला)
आणि राखाडी पीस? ते कोंबडीवर्गातलं नाही, एवढं मी फोटोवरून सांगते. आमच्या कोंबड्यांचं अंगपीस उपटलं की बुडाशी मागच्या बाजूला दुसरं लहान मऊ पीस जोडलेलं निघतं. आम्ही घरात त्याला पिलू म्हणतो.

सह्यपाखरू
पिलू! हा शब्द मी आजपासून वापरणार. पुस्तकी ‘उपपीस’पेक्षा कितीतरी बरा. लक्षणही नेमकं आहे. तित्तर, लावा, मोर, कोंबडी या सगळ्यांच्या अंगपिसाला चांगलं मोठं पिलू असतं आणि कबुतर-होल्यांना ते नसतं. पण या फोटोत आपल्याला पिसाची पाठच दिसतेय. पिलू पोटाकडच्या बाजूला दडतं. पीस उलटं केल्याशिवाय ते नाही असं मी म्हणणार नाही.

वैशाली (सांगोला)
आमच्याकडे ते एवढं मोठं असतं की कडेने डोकावतंच. तरी उलटून बघा, माझी हरकत नाही.

मुग्धा
उद्या बघते. पांढऱ्या लवेचं काय लिहू? तीही घुबडाचीच?

सह्यपाखरू
नुसतं ‘लव’ लिहा. फोटोवरून लवेचा पक्षी ओळखता येत नाही, शेजारी सापडली हा पुरावा नव्हे. तिच्या धाग्यांवरच्या सूक्ष्म गाठींचा आकार आणि मांडणी पक्ष्यांच्या गटागणिक वेगळी असते, पण त्या सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतात. 4 ऑक्टोबर 1960 ला बोस्टनच्या विमानतळावरून उडालेलं विमान पक्ष्यांचा थवा इंजिनात शिरल्याने कोसळलं. तेव्हा वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयातल्या रॉक्सी लेबोर्न यांनी पिसांच्या चोथ्यावरून ते पक्षी स्टार्लिंग असल्याचं सांगितलं. आपल्या भोरड्यांचे ते भाऊबंद. इतक्या बारीक अवशेषांसाठी प्रयोगशाळाच लागते.

शटलर
मग मोरपीस कशात घालायचं? शेपटीचं, म्हणजे उड्डाणपीस?

सह्यपाखरू
शेपटीची पिसं उड्डाणपिसांतच मोजतात, पण मोराचा पिसारा शेपटी नव्हे. खरी शेपटी पिसाऱ्याखाली असते, वीस आखूड, तपकिरी पिसांची, आणि पिसारा उभारताना तीच मागून टेकू देते. डोळा असलेलं लांब पीस शेपटीला वरून झाकणारं, म्हणजे अंगपिसांच्या गटातलं. मराठीत ‘पिसारा’ आणि ‘शेपटी’ हे दोन शब्द आधीपासून वेगळे आहेत, ते तसेच ठेवावेत.

अनंतकाका
‘अंगपीस’ मला अजून खटकतं. लवही अंगावरच असते ना? ‘आच्छादन पीस’ म्हणा.

वैशाली (सांगोला)
मुलांना आच्छादन कसं कळणार? ‘वरचं पीस’ लिहा.

सह्यपाखरू
काकांची हरकत रास्त आहे. ‘वरचं पीस’ म्हटलं तर पंखाच्या वरच्या बाजूचं वाटेल, ही माझी अडचण. तूर्त मी अंगपीसच लिहीन. मुग्धाताई, एक सांगायचं राहिलं. 1972 च्या वन्यजीव कायद्यात रानपक्ष्याचं पीसही येतं, गळून पडलेलं मोरपीस हा अपवाद. फोटो झाले की पिसं शाळेत नेऊ नका, होती तिथेच ठेवा.

मुग्धा
म्हणजे राखाडी पीस उद्या वाड्यापाशीच उलटं करून, बाजूच्या उजेडात फोटो काढते. सकाळी आठच्या आत ऊन तिथे तिरकं येतं. पिलू निघालं तर वैशालीताईंना आधी कळवते.