मदत हवी आहे: ‘प्रक्रिती’ आणि ‘तृकोण’, मुलीला कसं समजावू?

सायली_डी
मुलगी सहावीत आहे, सेमी-इंग्रजी. पाचवीपर्यंत आम्ही दिल्लीत होतो, तिथे शाळेत फक्त हिंदी, त्यामुळे तिचा कान हिंदीचा. मराठीच्या शुद्धलेखनात ती प्रक्रिती, संस्क्रिती, द्रिश्य असं लिहायची. बाईंनी खुणा केल्यावर आता सगळीकडे ृ देत सुटली आहे: तृकोण, कृया, पृय. पाठ करून घेते, पण नवीन शब्द आला की पुन्हा तेच. एखादी खूण आहे का?

पेनवाला
सोपं आहे. संस्कृतातून आलेला शब्द असेल तर ृ, नाहीतर रि. क्रिकेट, ब्रिटिश, ख्रिस्ती यांना कधीच ृ नाही.

मधुरा_के
@पेनवाला, दुसरा भाग बरोबर. पण क्रिया, प्रिय, त्रिकोण, इंद्रिय हेही संस्कृतच की.

सायलीताई, आधी कानाचं पाहा. मराठीत आपण ृ चा उच्चार ‘रु’ करतो, हिंदीत ‘रि’. ती मनात ‘प्रक्रिती’ म्हणते आणि तसंच लिहिते, म्हणजे ऐकलेलं लिहिण्यात तिचं काही चुकत नाहीये. रोज पाच मिनिटं मराठी उच्चाराने मोठ्यांदा वाचून घ्या: प्रकृती, दृश्य, गृहपाठ, आणि लगेच त्रिकोण, क्रिया, प्रिय. ‘त्रुकोण’ किंवा ‘क्रुया’ कोणीच म्हणत नाही, हे तिला स्वतःलाच ऐकू येईल.

पेनवाला
मग तर झालंच! ‘रु’ ऐकू आलं की ृ.

मधुरा_के
नाही हो. शत्रू, अश्रू, ध्रुव, श्रुती? तिथेही रु ऐकू येतो आणि तो खरोखरच रु आहे. कान रि वेगळा काढून देतो, पुढचं काम त्याच्याने होत नाही.

ऋतुजा_की_रुतुजा
माझंच बघा. जन्मदाखल्यावर ऋतुजा, दहावीच्या गुणपत्रिकेवर रुतुजा. बदलायला काय कागद लागतात कोणाला माहीत आहे का?

पाटीपेन्सिल
@ऋतुजा, त्यासाठी वेगळा धागा काढा, इथे हरवेल.

मूळ प्रश्नाकडे येतो. बरीच वर्षं मराठी आणि संस्कृत शिकवलं, वर्गात मी नातेवाईक शोधायला लावायचो. शब्दाच्या घरातला दुसरा शब्द घ्यायचा आणि त्यात ‘अर’ सापडतो का ते बघायचं. स्मृती–स्मरण, मृत्यू–मरण, नृत्य–नर्तक, वृत्ती–वर्तन, दृश्य–दर्शन. ‘अर’ किंवा ‘अर्’ सापडला की ृ. गृहपाठातला गृह म्हणजे घर, त्यातही ‘अर’ आहेच, मुलांना हे फार आवडतं. प्रकृती, संस्कृती, आकृती ही सगळी ‘करणे’ची भावंडं.

आता प्रिय घ्या. नातेवाईक प्रेम. तिथे ‘अर’ नाही, ए आहे, म्हणजे रि. श्रुतीचा नातेवाईक श्रोता, तिथे ओ, म्हणजे रु. पेनवाल्यांची अडचणही यातच सुटते.

ही युक्ती फसते कुठे तेही सांगतो, नाहीतर मुलगी तुम्हालाच पकडेल. क्रिया हीसुद्धा ‘करणे’च्या घरातलीच, पण तिथे कृपुढे लगेच य आल्याने क्रि झालं. प्रक्रिया, प्रतिक्रिया, सक्रिय सगळे त्याच रांगेत. ‘कृत्य’मध्ये मध्ये त आला, म्हणून कृ टिकला. उलट बाजूला तृतीय: अर्थ तीनचा, त्रिकोणाचा सख्खा, तरी तृ. ही दोन घरं पाठच करावी लागतात. पृथ्वी, वृक्ष, तृण यांचे नातेवाईक सहावीच्या मुलीच्या ओळखीचे नाहीत, तिथे मधुराताईंचा कान वापरा.

सायली_डी
आत्ताच करून पाहिलं. ‘कृत्रिम’ दिला. ती म्हणाली, माणसाने केलेलं, म्हणून ‘करणे’, म्हणून कृ. मग पुढचंही त्याच जोरात ‘तृम’ लिहिलं! 😄

पाटीपेन्सिल
उत्तम शब्द दिलात. नातेवाईक फक्त पहिल्या अक्षराला आहे. ‘त्रिम’ हा नुसता प्रत्यय, त्याला विचारायला घरी कोणी नाही. तिथे ऐकायचं: क्रुत्‌-रिम. रि स्पष्ट येतो.

खटपट्या
हृदय आणि ह्रस्वचं काय? मी दोन्हीकडे सारखंच लिहितो आणि फोन दोन्ही स्वीकारतो.

मधुरा_के
हृदयला ृ, ह्रस्वमध्ये ह ला जोडलेला साधा र (काहीजण ऱ्हस्व लिहितात). टंकताना ह नंतर थेट ृ दिलात तर हृदय, हलन्त देऊन र दिलात तर ‘ह्रदय’ होतं. अक्षरं इतकी सारखी दिसतात की छापील पत्रिकांमध्येही चुकीचं सापडतं.

पेनवाला
आणि ‘जागृत’? नातेवाईक जागरण, म्हणजे ृ. पण आमचे एक शिक्षक ‘जाग्रत’च बरोबर म्हणायचे.

पाटीपेन्सिल
संस्कृत व्याकरणाने पाहिलं तर तुमच्या शिक्षकांच्या बाजूने बोलता येतं. मराठीत जागृत, जागृती इतकं रुळलंय की मी वहीत ते कधी खोडलं नाही.

मधुरा_के
मी जाग्रत लिहिते. या एका शब्दावर आपलं जमणार नाही, सर.